चारला डोळा लागला, सहाला गजर झाला. आता दिवस कसा काढू?

"मॅडम, काल रात्री चारपर्यंत नुसता कूस बदलत होतो, सहाला गजर झाला. वय ३९, अंबडच्या कारखान्यात क्वालिटी बघतो, राहायला पाथर्डी फाट्याला. आज अकराला गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. संध्याकाळी गाडी घेऊन ठाण्याला जायचंय, उद्या मेहुण्याकडे वास्तुशांत. गेल्या महिन्यात अशीच एक रात्र गेली तेव्हा सुट्टी टाकली, दुपारी झोपलो, आणि पुढच्या चार रात्री बिघडल्या. आत्ता छाती धडधडतेय, दोन चहा झालेत. सगळं रद्द करून घरी पडून राहू का?"

ठाण्याला स्वतः गाडी चालवत जाणं तेवढं रद्द करा. बाकी काहीही रद्द करू नका. ऑडिटला जा, डबा घेऊन जा, नेहमीच्या वेळेला घरी या. हे असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण ते समजलं असेल तरच दुपारी दोनला डोळे मिटायला लागतील तेव्हा पाळणं जमेल.

गेल्या महिन्यातली पहिली रात्र कशामुळे बिघडली हे मला माहीत नाही, आणि ते शोधून फार हाती लागत नाही. ऑडिटची काळजी, उशिराचं जेवण, पोराचा ताप, गल्लीतली वरात; वर्षाकाठी अशा काही रात्री सगळ्यांच्याच वाट्याला येतात. पण पुढच्या चार रात्री त्या रात्रीने बिघडवल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवसाने बिघडवल्या. मी नाशिकमध्ये गेली अठरा वर्षं झोपेच्या तक्रारींवरच काम करतेय, आणि महिनोन्‌महिने झोप न लागणारी जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट अशाच एका 'दुसऱ्या दिवसा'पासून सुरू झालेली असते.

आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते जितकं साठेल तितकी झोपेची ओढ वाढते, आणि झोपलो की, विशेषतः गाढ झोपेत, ते उतरतं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला आडवा होतो तेव्हा त्याच्याकडे सतरा तासांची ओढ जमलेली असते. आता सुट्टीचा दिवस मांडून बघा. तुम्ही वेळा लिहिल्या नाहीत, पण माझ्याकडच्या नोंदवह्यांमध्ये त्या साधारण अशा असतात: साडेअकराला आडवं झालं, साडेतीनला उठलं. म्हणजे रात्री अकरापर्यंत जागेपण फक्त साडेसात तासांचं. त्यात 'काल झोपलो नाही, आज लवकर पडू' म्हणून नऊलाच अंथरूण घातलं, की साडेपाच तास. एवढ्या तुटपुंज्या ओढीवर कुणालाही झोप लागणार नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. पण अंधारात छताकडे बघत पडलेल्या माणसाला हा हिशेब दिसत नाही. त्याला वाटतं, 'आजही नाही. माझं काहीतरी बिघडलंय.' मग दुसऱ्या दिवशी आणखी उशिरापर्यंत लोळणं, आणखी एक डुलकी, आणखी चहा, आणि अंथरुणाचीच भीती. चार रात्री अशा जातात.

म्हणजे आज तुमच्याकडे जी गोष्ट आहे ती तोटा नाही. काल फक्त दोन तास उतरलेली ओढ आज रात्री अकरापर्यंत इतकी साठेल की नेहमीपेक्षा जास्तच होईल, फक्त ती दिवसा खर्च करायची नाही. आणि गेलेले तास तासाला तास असे फेडावे लागत नाहीत. शरीर पुढच्या रात्री गाढ झोप आधी आणि जास्त घेतं, म्हणजे उसनवारीतला महत्त्वाचा भाग लवकर चुकता होतो. १९६३च्या डिसेंबरअखेरीपासून १९६४च्या जानेवारीपर्यंत अमेरिकेतल्या सॅन डिएगोत रॅन्डी गार्डनर नावाचा शाळकरी मुलगा २६४ तास, म्हणजे सलग अकरा दिवस, जागा राहिला होता. असं कुणी करून बघू नये. पण त्यानंतर पहिल्या झोपेत तो चौदा तासांच्या आसपासच झोपला. बुडालेले सगळे तास शरीराने मागितले नाहीत. तुमचे बुडालेत फार तर पाच.

आता छातीच्या धडधडीबद्दल. तुम्ही हे लिहिलंत ती वेळ दिवसातली सगळ्यात फसवी वेळ आहे. झोपेतून उठल्यावर मेंदू पूर्ण जागा व्हायला एरवीही पंधरा ते तीस मिनिटं घेतो. झोप कमी झालेली असेल आणि नेमका गाढ झोपेतून गजराने उठवला असेल, तर तासभर किंवा जास्तही. डोकं जड, हातात ताकद नाही, बोलणं नको. त्यात सकाळी शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक आपणहून चढतं, रात्रभराच्या काळजीचा ताण आहेच, आणि वर उपाशी पोटी दोन चहा. एवढ्यावर छाती धडधडणारच. तिचा अर्थ 'दिवस हातातून गेला' असा नाही. (दुखत असेल, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, धाप लागत असेल, तर मात्र हे वाचत बसू नका, थेट दवाखान्यात जा.) माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच नियम घालून देते: दहा वाजेपर्यंत दिवसाचा निकाल लावायचा नाही. सुट्टीचा फोनही त्याआधी करायचा नाही. तुम्हाला शिफ्टमुळे दहापर्यंत थांबता येणार नाही, म्हणून तुमच्यासाठी नियम सोपा: निकाल न लावता कामावर पोहोचायचं.

एका नोंदवहीतला दिवस दाखवते, म्हणजे मी काय म्हणतेय ते डोळ्यांसमोर येईल. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. पंचवटीतल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, वय ४६. त्यांच्या मते त्या रात्री 'एक मिनिटसुद्धा' झोप नव्हती. यजमानांचं म्हणणं वेगळं होतं: तीन ते साडेपाच तुझं घोरणं ऐकू येत होतं. दोघंही खोटं बोलत नव्हते. उथळ झोप माणसाला जागेपणासारखीच आठवते, आणि वाईट रात्री आपण झोपेचा अंदाज बहुतेकदा कमी करतो. तुमचेही 'चारपर्यंत' कदाचित पूर्ण जागे गेले नसतील. म्हणून मनगटावर झोप मोजणारं घड्याळ असेल तर आज त्याचा आकडा बघूच नका. तो अंदाजावर चालतो, आणि वाईट आकडा दिसला की माणूस दिवसभर त्याला साजेसं वागत राहतो.

सव्वासहाला बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या, कारण मी तसं सांगून ठेवलं होतं: आज काय काय बिघडेल ते आधी लिहायचं. त्यांनी लिहिलं, 'चौथीच्या वर्गावर ओरडणार. फळ्यावर चुका होणार. तीन वाजता कोसळणार.' मग दिवसातून सहा वेळा, दहापैकी आपली तरतरी किती वाटते याचा आकडा लिहायचा होता. साडेसहाला २. आठला ४. साडेदहाला ६. दुपारी दोनला ३. चारला ५. आणि संध्याकाळी साडेसातला ७.

हे आकडे नीट बघा, कारण आज तुमचाही दिवस थोड्याफार फरकाने असाच जाणार आहे. वाढलेली ओढ दिवसभर खाली ओढत असते, पण तिच्याशी दुसरी एक शक्ती झगडत असते: शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. रात्र कशीही गेली तरी ते घड्याळ आपल्या वेळेवर चालतं. सकाळी ते वर चढवतं, दुपारी एक ते तीनच्या सुमारास थोडं सोडतं, आणि संध्याकाळी पुन्हा जोरात वर धरतं. स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी ही दोन शक्तींची मांडणी १९८२ साली केली आणि आजही झोपेचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. दुपारी दोनचा ३ हा आकडा म्हणजे 'आता संपलं, इथून उतारच' असं बाईंना वाटलं होतं. तो फक्त खड्डा होता, आणि चारला त्या त्यातून बाहेर होत्या.

रात्री त्यांनी सकाळच्या ओळी पुन्हा वाचल्या. ओरडल्या होत्या, एकदाच, आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाशी बोलूनही झालं. फळ्यावर चूक झाली होती: सत्तावीस चोक १०८ ऐवजी १०४ लिहिलं, पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, त्यांनी पुसून दुरुस्त केलं. कोसळल्या नव्हत्या. हे दोन ओळी लिहिण्याचं काम आज तुम्हीही करा. मोबाइलमध्ये नको, कागदावर, आणि संध्याकाळी त्याच कागदावर प्रत्येक ओळीपुढे काय झालं ते लिहा. पुढच्या वाईट रात्री माझ्या शब्दांपेक्षा तो कागद तुमच्या उपयोगी पडेल.

आता सकाळचं. पडद्याआड बसू नका. नाष्टा होईपर्यंत, किंवा कारखान्यात जाताना, पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर चाला. सकाळी ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कित्येक पटींनी जास्त असतो, आणि शरीराच्या घड्याळाला 'दिवस सुरू झाला' हे त्या उजेडानेच कळतं. डिसेंबरातली नाशिकची थंडी असली तर स्वेटर घाला, पण बाहेर जा. नाष्टा साधा: पोहे, उपमा, पोळी-भाजी, अंडी, घरात जे असेल ते. झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं. ते आज होणार हे माहीत असलं की पुरे, त्यासाठी वेगळं पथ्यपाणी नको.

चहा. नेहमी दिवसाला किती घेता? तीन? मग आज तीनच. पूर्ण बंद करायला मी सांगत नाही. रोज चहा घेणाऱ्याने अचानक सोडला तर दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं आणि ते दुखणंही झोपेच्या खात्यावर लिहिलं जातं. पण वाढवूही नका. कॅफीन झोपेची ओढ कमी करत नाही. अडेनोसिन जिथे जाऊन बसायचं त्या जागा ते अडवून धरतं, म्हणून ओढ जाणवत नाही. अडेनोसिन साठतच राहतं, आणि कॅफीन उतरलं की एकदम अंगावर येतं. तेव्हा माणूस पुढचा चहा घेतो.

घरच्या एका कप चहात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफीन असतं, एका कडक कॉफीत ऐंशी-शंभर. घेतलेल्यापैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना सात. संध्याकाळी पाचला मशीनवरची मोठी कॉफी घेतलीत तर रात्री दहाला त्यातली निम्मी अजून अंगात असते, म्हणजे झोपताना एक चहा प्यायल्यासारखंच. एरवी एका जास्तीच्या कटिंगने आभाळ कोसळत नाही. पण वाईट रात्रीच्या दुसऱ्या दिवशी तो एक राहत नाही. ऑडिटर आले की एक, ऑडिट संपलं की एक, तीनला डोळे मिटतात म्हणून एक, सहाला घरी एक. आज शेवटचा चहा दोनच्या आत. तुमचे दोन झालेत, म्हणजे एक जेवणानंतर उरलाय. साहेबांबरोबर कप हातात धरावा लागला तर धरा, लिंबूपाणी मागा, कुणी काही म्हणत नाही. छाती आधीच धडधडतेय त्यात चौथा-पाचवा चहा पडला तर ती वाढेल, आणि तुम्ही ती पुन्हा झोपेच्या नावावर घालाल.

ऑडिटचं म्हणाल तर दोन तासांच्या झोपेने सगळीच कामं सारखी बिघडत नाहीत, आणि याचा फायदा घेता येतो. ज्यात माणसं आहेत, हालचाल आहे, पणाला काही लागलंय आणि जे काम हातात बसलेलं आहे, ते बऱ्यापैकी निभावतं. ऑडिटरला लाइनवर फिरवणं, प्रश्नांना उत्तरं देणं, तुम्ही वर्षानुवर्षं करत आलेलं काम दाखवणं, यात तुम्ही स्वतःला वाटतंय त्यापेक्षा बरेच नीट असाल. खरं बिघडतं ते एकसुरी, एकट्याने, बसून करायचं काम: चारशे ओळींच्या तक्त्यात मापं तपासणं, आकडे उतरवणं. तिथे लक्ष काही सेकंद निसटतं आणि निसटलेलं कळतही नाही. म्हणून अशी कागदपत्रं आज दुसऱ्याच्या नजरेखालून घाला. 'एकदा माझ्यासोबत बघून घे' एवढं सहकाऱ्याला म्हटलं की झालं. आणि तीनपैकी दोन कामं पुढे गेली तरी चालतील, पण ती आज सकाळीच ठरवून पुढे ढकला, दुपारी थकून नव्हे.

दुसरं बिघडतं ते मन. झोप कमी असली की मेंदूतला भीती-रागाचा भाग जास्त भडक होतो आणि त्याला आवरणारा भाग सुस्तावतो. ऑडिटरचा साधा प्रश्न आज टोमणा वाटेल. म्हणून उत्तर देण्याआधी एक श्वास, आणि कडक शब्दांचा ईमेल लिहावासा वाटला तर लिहून ठेवा, पाठवा उद्या. पैशाचा, नोकरीचा, नातेवाइकांचा कुठलाही मोठा निर्णय आज नको.

आणि 'रात्रभर झोपलो नाही' हे दहा जणांना सांगत फिरू नका. प्रत्येक सांगण्याबरोबर माणूस पुन्हा आत डोकावून बघतो, 'आता कसं वाटतंय?', आणि बघितलं की थकवा सापडतोच. ज्याला कागदपत्रं तपासायला बसवणार त्या एकाला सांगा. घरच्यांनाही विनंती करा की दर तासाला फोन करून विचारू नका.

दुपारचा खड्डा एक ते तीनमध्ये येईल. जेवण नेहमीचं करा, दोन घास कमी. मिसळ-पाव आणि वर ताक असा बेत आजच्या दुपारी नको. जेवल्यावर उन्हात दहा मिनिटं चाला, मग उभ्याने करायची कामं घ्या. डुलकीचा प्रश्न लोक नेहमी विचारतात. एरवी झोप चांगली असणाऱ्याला वीस मिनिटांची डुलकी चालते: तीनच्या आत, खुर्चीत बसून, गजर लावून. वीसच्या पुढे गेलं की गाढ झोप लागायला लागते, मग उठल्यावर सकाळसारखाच जडपणा येतो आणि रात्रीची ओढही खर्च होते. तुमचा मागचा अनुभव बघता मी म्हणेन, डुलकी टाळा. डोळे अगदीच उघडे राहीनासे झाले तरच वीस मिनिटं, आणि घरी पलंगावर कधीच नाही.

आता गाडी. इथे मी अजिबात सवलत देणार नाही. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ आणि लक्ष, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे वाहन चालवायची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. तुम्ही कालपासून फक्त दोन तास झोपून, दिवसभर ऑडिट करून, संध्याकाळी दीडशेच्या आसपास किलोमीटर, अंधार पडताना, कसारा घाटातून जाणार. घाटात वळणं असल्याने माणूस जागा तरी राहतो. खरा धोका त्यानंतरच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर असतो. मेंदू तीन-चार सेकंदांची झोप घेतो आणि आपल्याला ती लागल्याचं समजत नाही. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने दोन-चार मिनिटांपलीकडे काही होत नाही. मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, गाडी पट्ट्याबाहेर सरकते, जांभया थांबत नाहीत, डोकं क्षणभर खाली जातं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबण्याची वेळ आधीच टळून गेलेली असते.

म्हणून बायको किंवा भाऊ चालवत असेल तर त्यांना चालवू द्या. एसटीने जा. नाहीतर आज रात्री घरी झोपा आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरा; मेहुण्याला फोन करून खरं कारण सांगा, तो समजून घेईल. आत्ता अंबडला जातानाही दुचाकी नको. अंतर कमी आहे हे खरं, पण सकाळी शिफ्टच्या वेळी पाथर्डी फाट्यावरची गर्दी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सहकाऱ्याच्या मागे बसा किंवा रिक्षा करा. कारखान्यात प्रेसवर, क्रेनखाली, उंचीवर हात घालायचं काम असेल तर सुपरवायझरला सांगून आजच्यापुरतं बदलून घ्या. हे रद्द करणं घाबरून केलेलं रद्द करणं नव्हे.

संध्याकाळबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. साडेसात-आठला तुम्हाला एकदम बरं वाटेल. बाईंच्या वहीतला तो ७ आठवा. त्या घाबरून मला फोन करून म्हणाल्या होत्या, 'झोप उडाली बहुतेक, आज पुन्हा तेच होणार.' तसं नसतं. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीराचं घड्याळ सगळ्यात जोरात जागं ठेवतं. म्हणूनच अकराला झोपणाऱ्याने भीतीपोटी नऊला आडवं होणं ही सगळ्यात वाईट वेळ: ओढ आहे, पण घड्याळ दार धरून उभं आहे. दहा-साडेदहाला ते दार सोडतं.

याच्या उलट धोका सोफ्यावर. जेवण झालं, टीव्ही लागला, नऊला मान पडली, वीस मिनिटं झोप लागली आणि कुणीतरी 'आत जाऊन झोप' म्हणून उठवलं. त्या वीस मिनिटांत साठवलेल्या ओढीवरची साय निघून जाते, आणि आत गेल्यावर डोळे टक्क उघडे. म्हणून आज जेवल्यावर बसू नका. भांडी आवरा, शतपावली करा, मुलाच्या दप्तराकडे बघा, उद्याची बॅग भरा. झोपायची वेळ नेहमीचीच, फार तर अर्धा-पाऊण तास आधी, आणि तेही झोप आली असेल तरच. थकवा आणि झोप यांत फरक करा. अंग दुखतं, बसावंसं वाटतं, तो थकवा. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, पापण्या जड होतात, मान डुलते, ती झोप. दुसरं आलं की अंथरुणात जा. घड्याळ नजरेआड, मोबाइल खोलीबाहेर. बराच वेळ, म्हणजे अंदाजे वीस मिनिटं, झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी वाचत बसा, झोप आली की परत या.

आज बायकोच्या किंवा आईच्या डब्यातली झोपेची गोळी घेऊ नका. आपल्याकडे हे सर्रास होतं, 'अर्धीच घेतली' म्हणून. कुणा दुसऱ्यासाठी लिहिलेल्या गोळीने उद्याची सकाळ आणखी जड जाते, आणि 'गोळीशिवाय मला येत नाही' ही समजूत एका रात्रीत घर करते. दारूचंही तेच, झोप लवकर लागते आणि दोन-तीनला मोडते.

बाई त्या रात्री पावणेअकराला झोपल्या, तीनला एकदा जाग आली, पुन्हा लागली, पावणेसहापर्यंत. प्रत्येकाला पहिल्याच रात्री असं होतं असं मी म्हणणार नाही. काहींची दुसरी रात्रही अर्धवट जाते आणि तिसऱ्या रात्री गाडी रुळावर येते. तसं झालं तर उद्याही हेच, शब्दाला शब्द.

काही जणांनी मात्र माझं हे 'दिवस नेहमीसारखा काढा' स्वतःला लावून घेऊ नये. फिट्सचा आजार असेल तर एक जागलेली रात्रसुद्धा फिट आणू शकते. गोळ्या वेळेवर घ्या आणि डॉक्टरांना कळवा. पूर्वी मनाची उधाण अवस्था येऊन गेली असेल, म्हणजे बायपोलरचं निदान असेल, आणि दोन तास झोपूनही अंगात भलताच उत्साह, विचारांचा वेग, बोलणं थांबत नाही असं असेल, तर आजच मनोविकारतज्ज्ञांना फोन करा. झोपेत घोरता-घोरता श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगता, तर प्रश्न एका रात्रीचा नाही. आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने, असं चाललं तर त्याला निद्रानाश म्हणतात. त्यावर सहा-आठ भेटींचे, बहुतेकदा गोळ्यांशिवायचे उपचार आहेत.

तुम्ही यात कुठे बसत नाही असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. नाष्टा करा, निघा. तुम्हाला मागे बसवून न्यायला सहकाऱ्याला आत्ताच फोन लावा. आणि रात्री झोपताना उद्याचा गजर सहाचाच लावा, वास्तुशांत असली तरी.